मागोमाग बोलणं आणि आपलं बोलणं

इंग्रजी वाचता येतं, ऐकलेलं बऱ्यापैकी समजतं, लिहायलाही फारसं अडत नाही. पण कुणी समोरून प्रश्न विचारला की पहिले तीन-चार शब्द नीट निघतात आणि पुढे तोंड थबकतं. ज्यांचं असं होतं, त्यांच्या घरात बहुधा इंग्रजीत बोलायला कुणी नसतं. असलंच तर त्या माणसाशी बोलताना संकोच वाटतो. अशांना दोन उपाय हमखास सुचवले जातात. एक म्हणजे शॅडोइंग: कानात कुणाचं तरी बोलणं लावायचं आणि तो बोलत असतानाच त्याच्या मागोमाग तेच बोलत राहायचं. दुसरा म्हणजे स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकायचं. दोन्ही उपाय खरे आहेत. मी स्वतः ते बरीच वर्षं करत आले आहे. पण दोन्हींची कामं वेगळी आहेत आणि त्यांच्या मधली एक पायरी बहुतेक जण गाळतात. मग महिनोन्‌महिने शॅडोइंग करूनही स्वतःचं वाक्य सुचत नाही, आणि पद्धतच फोल आहे असं वाटायला लागतं. मला मुख्यतः त्या मधल्या पायरीबद्दल लिहायचं आहे. उदाहरणं इंग्रजीची घेते, कारण आपल्यातल्या बहुतेकांचा लढा तिथेच आहे. दुसरी कुठलीही भाषा शिकणाऱ्याला क्रम हाच ठेवता येईल.

आधी शॅडोइंगच नीट पाहू. दुभाष्यांच्या प्रशिक्षणात ते पूर्वीपासून आहे, आणि जपानमधल्या इंग्रजीच्या वर्गांत ते खूप वापरलं जातं. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतही त्याचा उपयोग झाला आहे. ब्रिटिश संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. माणसाच्या दोन कानांत दोन वेगवेगळी बोलणी सोडायची आणि त्यातलं एक मोठ्याने मागोमाग बोलायला सांगायचं, असा तो प्रयोग. तो प्रसिद्ध आहे तो मुख्यतः दुसऱ्या कानातल्या बोलण्यातलं काय लक्षात राहतं यासाठी. त्यातलं एक निरीक्षण मात्र भाषा शिकणाऱ्यांनी पक्कं लक्षात ठेवावं असं आहे. मागोमाग बोलणारी माणसं शब्द बरोबर म्हणत होती, पण एका सुरात, आघात-भावना काही नाही. आणि आपण सपाट बोलतोय हे त्यांच्या लक्षातही येत नव्हतं. शिवाय प्रत्येक शब्द बरोबर म्हणूनही एकूण मजकूर काय होता, हे त्यांना फारसं सांगता येत नव्हतं.

म्हणजे कान ते तोंड अशी सरळ वाट डोक्यातल्या अर्थाला जेमतेम स्पर्श करून निघून जाऊ शकते. याची दुसरी बाजूही आहे. संशोधक विल्यम मार्सलेन-विल्सन यांनी १९७३ मध्ये दाखवलं की काही माणसं मूळ बोलण्याच्या अवघं पाव सेकंद मागे राहून शॅडोइंग करू शकतात. पाव सेकंद म्हणजे एखाद्या अक्षराएवढं अंतर. एवढ्या घाईतही त्यांच्याकडून ज्या चुका होत होत्या, त्या वाक्याच्या व्याकरणात आणि अर्थात बसणाऱ्या होत्या. म्हणजे शॅडोइंग ही निव्वळ पोपटपंची असेलच असं नाही. ती पोपटपंची व्हायची की नाही, हे आपण ते कसं करतो यावर ठरतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. क्लिप तीस ते चाळीस सेकंदांची पुरे. इंग्रजीत सहज बोलणारा माणूस मिनिटाला साधारण दीडशे शब्द बोलतो, म्हणजे चाळीस सेकंदांत शंभरेक शब्द झाले. तेवढे एका बैठकीला भरपूर आहेत. एकच माणूस बोलतोय, मागे संगीत नाही आणि लिखित मजकूर हाताशी आहे, एवढं बघावं. मी बातम्या निवडत नाही. बातम्या देणारा माणूस लिहिलेलं वाचत असतो; त्याचं वाक्य लांब, विराम ठरलेले. आपल्याला बोलायचं असतं ते विचार करत करत. म्हणून मुलाखतीत कुणी स्वतःच्या कामाबद्दल, दिवसाबद्दल सांगत असेल, तर तो तुकडा मला जास्त उपयोगी वाटतो. अगदीच सुरुवात असेल तर व्हॉइस ऑफ अमेरिकेची शिकणाऱ्यांसाठीची जुनी प्रसारणं चालतील. १९५९ पासून ती मुद्दाम संथ वेगात आणि दीडेक हजार शब्दांच्या आत केली जात होती. पण त्यातून लवकर बाहेर पडावं. तो वेग खऱ्या बोलण्याचा नाही.

पहिल्या खेपेला तोंड बंद ठेवून नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा ऐकताना मजकुरावर पेन्सिलने तिरकी रेघ मारायची, बोलणारा जिथे जिथे थांबला तिथे. मग मजकूर समोर ठेवून ओठांतल्या ओठांत पुटपुटायचं. त्यानंतर मजकूर बघत मोठ्याने. आणि शेवटी मजकूर उपडा घालून, फक्त कानावर. या पायऱ्या साधारण अशाच क्रमाने जपानमधले शिक्षकही घेतात. मजकूर झाकल्यावर पहिल्या फेऱ्यांत लक्ष फक्त सुरावर आणि ठेक्यावर ठेवायचं. काही शब्द निसटले तरी चालतील. पुढच्या फेऱ्यांत तेच बोलणं अर्थ डोळ्यांपुढे आणत बोलायचं. दोन्ही एकाच वेळी करायला गेलं की चेरींच्या प्रयोगातल्या माणसांसारखं होतं: शब्द सगळे येतात, बाकी काही येत नाही.

सुरावर आणि ठेक्यावर एवढा भर का, ते एका वाक्यावरून सांगते. समजा, क्लिपमधला माणूस म्हणतो: ‘आय वॉज गोइंग टू कॉल यू, बट आय डिडन्ट वॉन्ट टू वेक यू अप, सो आय जस्ट सेंट यू अ मेसेज.’ हे एकवीस शब्द. आपण वाचतो तेव्हा प्रत्येकाला जवळपास सारखा वेळ देतो, कारण मराठीत आपल्याला तीच सवय आहे. मराठीत अक्षरं साधारण सारख्या मापाची पडतात. इंग्रजी बोलणारा मात्र यातल्या पाच-सहा जागांवर जोर देतो: कॉल, वॉन्ट, वेक, अप, सेंट, मेसेज. बाकीचे शब्द तो त्यांच्या मधल्या फटींत दाबून बसवतो. कानावर प्रत्यक्षात पडतं ते काहीसं असं: ‘आयवझ् गनं कॉल्यु, बटाय् डिडन् वॉन्टु वेक्यु अप्, सोआय् जस्सेंच्युअ मेसिज.’ ‘वॉज’मधला स्वर विरघळून गेला, ‘गोइंग टू’चं ‘गनं’ झालं, ‘डिडन्ट’च्या शेवटचा ट तोंडातच राहिला, ‘सेंट यू’ एकमेकांत मिसळले.

‘टू’चा पूर्ण, लांब उच्चार करत आपण या माणसाच्या मागे धावायला लागलो तर दम लागणारच. पुष्कळ जण म्हणतात, ‘मला त्या वेगाने बोलता येत नाही.’ वेगाने बोलायचं नसतंच. त्या माणसाने अर्धे शब्द आखडलेले असतात आणि आपण ते सगळे ताणून म्हणत असतो. जोराच्या जागा पकडल्या आणि मधलं ढिलं सोडलं की तेच वाक्य त्याच वेळात आरामात बसतं. यासाठी मी आधी शब्दच टाकून देते आणि नुसतं ‘डडडड डाड, डड डड डाड डाड डा’ असं ठेक्यात म्हणून बघते. मग त्या ठेक्यात शब्द भरते. मोठ्या माणसाने एकटंच बसून असं काही म्हणावं हे विचित्र वाटतं खरं, पण दार लावून करण्यासारखा याहून चांगला सराव मला माहीत नाही.

वेग कमी करायचा झाला तर मी ०.८च्या खाली सहसा जात नाही. त्याहून कमी केलं की आखडलेले स्वरही ताणले जातात आणि जो ठेका शिकायचा तोच मोडतो. तेवढ्याने जमत नसेल तर क्लिप अवघड आहे असं समजून सोपी घ्यावी.

आणखी एक गोष्ट हमखास घडते आणि ती आतून कळत नाही. दहा-बारा फेऱ्या झाल्या की क्लिप पाठ होते. मग आपण मागोमाग बोलण्याऐवजी बरोबरीने, कधी कधी एक पाऊल पुढेही बोलायला लागतो. खूप छान जमतंय असं वाटतं. प्रत्यक्षात कान बंद झालेले असतात आणि आपण स्वतःच्याच जुन्या उच्चारात पाठांतर म्हणत असतो. याची परीक्षा सोपी आहे. वाक्याच्या मध्यावर क्लिप अचानक थांबवायची. तोंड एखाद्या शब्दानंतर थांबलं तर आपण ऐकत होतो. वाक्य शेवटपर्यंत गेलं तर ते पाठ होतं. पाठ झालेल्या क्लिपवर शॅडोइंग संपलं असं समजावं. ती क्लिप टाकून मात्र द्यायची नाही. तिचं पुढचं काम इथून सुरू होतं.

आता रेकॉर्डिंग. शॅडोइंग करतानाचं रेकॉर्डिंग करायचं तर मूळ आवाज इअरफोनमध्येच राहील असं बघायला हवं. स्पीकरवर लावलं तर दोन्ही आवाज एकत्र रेकॉर्ड होतात, आणि नंतर ऐकताना मूळ माणसाचा स्पष्ट उच्चार आपल्या खात्यात जमा होतो. एका उपकरणावर क्लिप लावावी आणि दुसऱ्यावर रेकॉर्ड करावं, हे सगळ्यात बिनत्रासाचं. मी इअरफोन एकाच कानात घालते, म्हणजे दुसऱ्या कानाला माझं बोलणं ऐकू येत राहतं.

पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला की जवळपास प्रत्येक जण तोंड वाकडं करतो. हा माझा आवाज? याचं कारण शरीरात आहे. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही आतल्या आत पोचतो, आणि हाडांतून येणारा आवाज खालच्या पट्टीचा, भरदार असतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांचा वाटा नसतो. म्हणून तो पातळ आणि परका वाटतो. बाकीचं जग आपल्याला कायम तसंच ऐकत आलेलं असतं. तेव्हा आवाज कसा वाटतो या प्रश्नाला वेळ देऊ नये. चार-आठ दिवसांत कान सरावतो.

शॅडोइंगच्या रेकॉर्डिंगमध्ये मी मुख्यतः शब्दांची शेपटं तपासते. मागे पडलेला माणूस वेळ वाचवायला शेवटचे ध्वनी गिळतो: ‘वॉक्ड’चं ‘वॉक’, ‘फ्रेंड्स’चं ‘फ्रेंड’. बोलताना हे लक्षात येत नाही, कारण मूळ माणसाने तो ध्वनी केलेला असतो आणि तो आपण कानाने ऐकलेला असतो. रेकॉर्डिंगमध्ये तो नसतो. इतकं स्पष्टपणे सांगणारं घरात दुसरं कुणी नाही.

पण इथवरचं सगळं दुसऱ्याचं वाक्य म्हणण्याबद्दल झालं. बोलण्यात तीन कामं असतात: काय सांगायचं ते ठरवणं, त्यासाठी शब्द आणि रचना जुळवणं, आणि ते तोंडाने उच्चारणं. शॅडोइंग तिसरं काम घोटून देतं आणि ऐकणं धारदार करतं. दुसरं काम, म्हणजे वाक्य जुळवणं, ते मूळ बोलणाऱ्याने आधीच केलेलं असतं. आपण अडतो ते बहुतेक वेळा तिथेच.

माझी एक मामेबहीण नोकरीच्या मुलाखतींची तयारी करत होती. तिचं शॅडोइंग ऐकलं तर थक्क व्हावं इतकं छान. ती म्हणाली, ‘ताई, क्लिपबरोबर बोलते तेव्हा वाटतं मला सगळं येतं. क्लिप बंद झाली की मी परत होते तिथेच.’

मी म्हटलं, ‘तू क्लिप बंद करून कधी रेकॉर्ड केलंयस का?’

‘नाही. तेव्हा बोलायलाच काही नसतं ना.’

हीच ती गाळलेली पायरी. तिला मी सांगितलं, मुलाखतीत हमखास येणारा एकच प्रश्न घे: आधीची नोकरी का सोडलीस? कागद नाही, तयारी नाही, एक मिनिट बोल आणि रेकॉर्ड कर. मग ते आज ऐकू नकोस, उद्या ऐक. लगेच ऐकलं की आपल्याला काय म्हणायचं होतं ते डोक्यात ताजं असतं आणि कान त्या फटी भरून काढतो. दुसऱ्या दिवशी आपण थोडे परके होऊन ऐकतो.

दुसऱ्या दिवशी तिने ते ऐकून शब्दन् शब्द लिहून काढलं. हे काम कंटाळवाणं आहे. एका मिनिटाच्या बोलण्याला सहज दहा-पंधरा मिनिटं जातात. पण ते लिहिल्याशिवाय काही दिसत नाही. ‘अं’ गाळायचा नाही, अर्धवट शब्द गाळायचे नाहीत, आणि जिथे थांबलो तिथे तिरकी रेघ. तिच्या कागदावरचा एक तुकडा असा होता: ‘आय लेफ्ट दॅट जॉब बिकॉज / अं / माय / फ्रॉम माय हाउस / द ऑफिस वॉज / टू अवर्स / इट टुक टू अवर्स.’

तिला यात उच्चार दिसत होते. ‘ऑफिस’ बरोबर म्हटलं का, ‘अवर्स’ कसं आलं. मला रेघा दिसत होत्या. थांबण्यात वाईट काही नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही सारखे थांबतात. पण ते सहसा एक कल्पना संपली की थांबतात, उपवाक्याच्या सांध्यावर. शिकणारा माणूस उपवाक्याच्या पोटात थांबतो, आणि ऐकणाऱ्याला अडखळणं जाणवतं ते त्यामुळे. तिच्या तुकड्यात ‘बिकॉज’च्या आधी एकही रेघ नाही आणि नंतर सहा. ‘बिकॉज’पर्यंतचं वाक्य तयार मिळालेलं होतं. त्यापुढचं तिला स्वतःला जुळवायचं होतं, आणि ती ते मराठीच्या क्रमाने जुळवत होती: घरापासून, ऑफिसला जायला, दोन तास, लागायचे. क्रियापद शेवटी. म्हणून आधी ‘माय’, मग ‘फ्रॉम माय हाउस’, मग ‘द ऑफिस’. प्रत्येक वेळी मराठीतला पुढचा तुकडा आधी हाताला लागत होता आणि इंग्रजी वाक्य त्याने सुरू होत नव्हतं. ‘इट टुक’ तिला शेवटी सापडलं, कारण मराठीत ते शेवटीच असतं.

एकदा असं नेमकं दिसलं की औषधही नेमकं असतं. तिला तिथे व्याकरणाचा धडा नको होता. वेळ लागण्याबद्दल बोलायचं तर इंग्रजी ‘इट टेक्स मी’ने सुरू होतं, मग वेळ, मग काम, एवढा एक साचा तोंडात बसायला हवा होता. ‘इट युज्ड टु टेक मी टू अवर्स टु गेट टु वर्क.’ हे वाक्य तिने लिहिलं, त्यातल्या जोराच्या जागांखाली रेघा ओढल्या: टेक, टू अवर्स, वर्क. बाकीचं आखडायचं. शॅडोइंगमध्ये कमावलेला ठेका इथे स्वतःच्या वाक्याला लावायचा. मग साचा तोच ठेवून आत वेगवेगळं भरायचं: मला तयार व्हायला वीस मिनिटं लागतात, त्यांना उत्तर द्यायला आठवडा लागला, हे काम शिकायला मला वर्ष लागेल. आठ-दहा वाक्यं, मोठ्याने, आपल्याच आयुष्यातली.

आणि मग पाठ झालेल्या क्लिपकडे परत जायचं. मजकुरात असे किती साचे पडलेत ते शोधायचं. आधीच्या वाक्यातच बघा: ‘आय वॉज गोइंग टू, बट आय डिडन्ट वॉन्ट टू, सो आय जस्ट.’ करणार होते, पण नको वाटलं, म्हणून मग एवढंच केलं. आपण दिवसातून कितीदा अशी गोष्ट सांगतो! हा सांगाडा तोंडात आधीच घोटला गेलेला आहे, योग्य आघातांसकट, योग्य आखडण्यासकट. आता त्यात मांस आपलं भरायचं: आय वॉज गोइंग टू अप्लाय लास्ट यिअर, बट आय डिडन्ट वॉन्ट टू लीव्ह द टीम, सो आय जस्ट वेटेड. शॅडोइंगची कमाई स्वतःच्या बोलण्यात येते ती इथून, एका वेळी एक सांगाडा या गतीने. आपोआप ती फार थोडी झिरपते.

त्याच विषयावर पुन्हा रेकॉर्ड करताना वेळ कमी करत जाणं हा एक जुना सराव आहे. वर्गात तो चार-तीन-दोन म्हणून ओळखला जातो: तीच गोष्ट आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन मिनिटांत, दर वेळी नव्या श्रोत्याला सांगायची. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांच्या लिखाणातून तो बराच पसरला. घरी श्रोता नसतो, तेव्हा मी तो छोटा करते: दोन मिनिटं, दीड, एक. विषय तोच असल्याने काय सांगायचं याचा भार उतरतो, सगळं लक्ष जुळवण्यावर जातं, आणि वेळ कमी असल्याने भरताडाचे शब्द गळतात. यात एक धोका आहे. पहिल्या खेपेला केलेली चूक दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाही जशीच्या तशी येते, उलट जास्त सफाईने. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या खेपेच्या मध्ये थांबून ऐकायचं, लिहायचं आणि दोन गोष्टी सुधारायच्या. दोनच. मामेबहिणीने पहिल्या कागदावर लाल पेनने सतरा खुणा केल्या होत्या. पुढच्या खेपेला बोलताना तिला त्या सतरा जागांची भीती वाटायला लागली आणि ती आधीपेक्षा जास्त अडखळली. सुधारायच्या दोन जागा निवडताना मी उपवाक्याच्या पोटातल्या विरामांना पहिला मान देते, उच्चारांना शेवटचा.

प्रगती होतेय की नाही हे रोज ऐकून कळत नाही. पहिलं रेकॉर्डिंग पुसू नये. फाइलचं नाव तारखेने आणि विषयाने ठेवावं, आणि दीड-दोन महिन्यांनी त्याच प्रश्नाचं उत्तर, जुनं न ऐकता, पुन्हा रेकॉर्ड करावं. मग दोन्हींचा एकेक मिनिटाचा कागद शेजारी ठेवून मोजावं: एकूण शब्द किती आणि त्यांना विरामांनी किती तुकड्यांत तोडलं. मिनिटाला ऐंशी शब्द वीस तुकड्यांत असतील तर एका दमात चार शब्द निघतात. शंभर शब्द चौदा तुकड्यांत असतील तर सात. संशोधक साधारण पाव सेकंदाहून मोठ्या शांततेला विराम धरतात. आपल्याला कानाला जाणवेल तो विराम, एवढं पुरे, फक्त दोन्ही वेळा माप तेच हवं. मला एकूण वेगापेक्षा हा एका दमातल्या शब्दांचा आकडा जास्त खरा वाटतो. वेग घाईनेही वाढतो. दम मात्र साचे तोंडात बसल्याशिवाय लांबत नाही.

या सगळ्यातून काय मिळत नाही तेही सांगायला हवं. जी चूक आपल्याला चूक म्हणून माहीतच नाही, ती दहादा ऐकूनही सापडणार नाही. ‘आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स’ असं, ‘आय हॅव टू ब्रदर्स’च्या जागी, म्हणणाऱ्याला त्यात काही खटकत नाही, म्हणूनच तो ते म्हणतो. अधूनमधून एखादा लिहिलेला कागद जाणत्या माणसाला दाखवता आला तर ही अडचण बरीच कमी होते. बोलायला सोबत मिळणं कठीण, पण अर्धं पान वाचून दोन खुणा करणारं कुणी ना कुणी भेटतं.

दुसरी उणीव जास्त मोठी. समोर माणूस असला की तो मधेच तोडतो, अनपेक्षित विचारतो, आणि उत्तराची वाट बघत आपल्याकडे बघतो. एकट्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तो ताण नसतो. त्याच्या थोडं जवळ जायचा एक मार्ग मामेबहिणीबरोबर काम करताना हाती लागला. तिने वीस-पंचवीस प्रश्न आपल्याच आवाजात, एकेका वेगळ्या फाइलमध्ये रेकॉर्ड केले आणि प्रत्येक प्रश्नानंतर चाळीस सेकंद शांतता ठेवली. मग त्या फाइल्स उलटसुलट क्रमाने लावायच्या, दुसऱ्या उपकरणावर रेकॉर्डिंग चालू ठेवायचं, आणि प्रश्न संपल्या संपल्या बोलायला सुरुवात करायची. काहीही झालं तरी थांबवायचं नाही. उत्तर अर्धवट राहिलं आणि पुढचा प्रश्न आला तर जुनं सोडून द्यायचं.

पहिल्या दिवशी तिने मला फोन करून सांगितलं, ‘ताई, प्रश्न मीच विचारलेत आणि मलाच घाम फुटतोय.’ त्या रेकॉर्डिंगमध्ये ती प्रश्न संपल्यावर पाच-सहा सेकंद गप्प राहत होती. ते ऐकून आम्ही वेळ मिळवून देणारे साचे गोळा केले, मुलाखतींच्या क्लिपांमधूनच: ‘वेल, देअर वर टू रीझन्स, रिअली’, ‘आय हॅवन्ट थॉट अबाउट इट दॅट वे, बट’. सराईत माणसंही विचार करायला वेळ घेतात. ते त्या वेळात गप्प न राहता असं काहीतरी म्हणतात. हे चार-पाच तुकडे तिने क्लिपच्या मागोमाग घोटले, मग क्लिपशिवाय, मग प्रश्नांच्या फाइल्सवर. आता ती त्या फाइल्समध्ये दर आठवड्याला दोन नवे प्रश्न घालते आणि जे सोपे झालेत ते काढून टाकते.